ओट्यावरचं ‘बरं हाय’

थांब थांब ललित, तुह्या क्रिकेटचं नंतर. आधी हे ऐका. अबोली, तू फोन ठेव वं. मधात कोणी बोलू नका, नाहीतर माही लिंक तुटते अन् मंग मी पुन्हा पहिल्यापासून सांगत बसते.

मी जठारपेठेतल्या त्या ऑफिसात लागली, हे तर माहीत हाय तुमाले. तिथं काम काय, तर दुसऱ्या संस्थेनं गावात जे काम केलं त्याचा खरंच उपयोग झाला का, हे तपासाचं. तर अमरावतीकडे एका संस्थेचा कार्यक्रम होता, मनसोबती नावाचा. वलगावकडची काही गावं अन् भातकुलीकडची काही गावं. दोन्हीकडे एकेक बाई नेमलेली, तिथलीच, ट्रेनिंग देलेली. घरोघरी जायचं, बसायचं, मनात काय चालू हाय ते ऐकायचं, लागलं तर जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन जायचं. वलगावकडे साधनाताई, भातकुलीकडे अनसूयाताई. एवढी दोन नावं ध्यानात ठेवा, बस.

आमच्या टीमचे दोन भाग. नितेशचा सर्वे. त्याचे पोट्टे टॅबलेट घेऊन घरोघरी जातात अन् नऊ प्रश्न विचारतात. मागच्या दोन आठवड्यात झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागते का, जीव नकोसा वाटला का. ‘कधीच नाही’पासून ‘जवळपास रोज’पर्यंत उत्तरं, त्याचे मार्क. जेवढे मार्क जास्त, तेवढा माणूस जास्त त्रासात. शाळेच्या उलटं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एकदा विचारलं अन् आता शेवटी पुन्हा. माहा भाग मुलाखती. नितेशच्या सर्वेतल्याच काही लोकाईले निवडायचं, ज्याईचे मार्क लय वर गेले, लय खाली आले, नाहीतर हललेच नाहीत. मंग त्याईच्याजवळ निवांत बसायचं, बोलू द्यायचं, परवानगी घेऊन रेकॉर्ड करायचं.

सर्वेचा निकाल आला त्या दिवशी ऑफिसात जलेबी आली. भातकुलीकडे मार्क धाडकन खाली! म्हंजे लोकं बरे झाले. अन् वलगावकडे? वर गेले. लोकं पहिल्यापेक्षा जास्त त्रासात. जीव नकोसा वाटण्याच्या प्रश्नालेही तिकडे जास्त लोकाईनं हो म्हटलं होतं. असं कोणी म्हटलं तर त्याच दिवशी समुपदेशकाशी बोलणं करून द्यायचं असा आमचा नियम हाय, ते पोट्ट्याईनं केलं. पण निकाल तर वाईटच ना.

आमचे ईशान सर. अमरावतीचे, वकिलाच्या घरचे, शर्टची घडी कधी मोडत नाही. ते जलेबी खाता खाताच म्हणाले, “वलगावकडे काम झालेलंच नाही, हे स्पष्ट आहे.”

नितेशनं त्याच्यात भर टाकली. “सर, मी तर पहिलेच बोललो होतो. सर्वेच्या आठवड्यात साधनाताई गावात नव्हतीच. फोन केला तर म्हणे अमरावतीले हाय, सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. अनसूयाताई पाहा, दिवसभर माह्या पोट्ट्याइच्या संग फिरली.”

“पुढच्या टप्प्यात संस्था एकच भाग ठेवणार आहे,” सर म्हणाले. “आपल्या रिपोर्टवर. दुसऱ्या भागातलं पद जाईल.”

म्हंजे साधनाताईचं. रिपोर्टमधी एक ओळ, अन् बाई घरी. वरून सगळीकडे हे की, बाई पगार घेऊन घरी बसत होती.

अन् मी तिथंच जलेबी हातात घेऊन बसलेली. कारण माह्या मुलाखती नेमक्या उलट्या सांगून राहिल्या होत्या. अरे, पूर्ण उलट्या! वलगावकडच्या सुभद्राबाईचे मार्क सर्वेत दुप्पट झालेले. अन् माह्यासमोर, घराच्या मागं, तुरी पाखडता पाखडता बाई काय म्हणे, “साधना येते म्हनून मी हाय. नाहीतर मी कधीचीच संपली असती.” अन् भातकुलीकडचे नत्थुजी, सर्वेत एकदम ठणठणीत, जवळजवळ शून्य. ते मले गोठ्यात नेऊन, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून सांगतात, “पोरगी गेल्यापासून झोप नाही बाई. रातभर डोयाले डोया लागत नाही.”

मी म्हटलं, “सर, हे जुळत नाही.”

“मुलाखती प्रकरण पाचमध्ये टाक,” सर म्हणाले. “छान चौकटी कर. लोकांचे उद्गार, एखादा फोटो. निष्कर्ष प्रकरण चारवरून, म्हणजे सर्वेवरून निघेल.”

“पण सर, तेच लोकं हायेत ना. एकच माणूस प्रकरण चारमधी बरा अन् प्रकरण पाचमधी आजारी कसा?”

नितेश हसला. “तू मुलाखतीत लोकाईले रडवतेस वं. पंधरा मिनिटं मान हालवत बसलीस, तर मीही सांगीन मले झोप नाही म्हणून.”

मले असा राग आला! मी म्हटलं, “अन् तुहे पोट्टे? कोण जाणे घरी गेले का टपरीवर बसून बोटं मारले टॅबलेटवर!”

मंग काय, जलेबी गेली बाजूले. दोन दिवस आमी एकमेकाशी बोललो नाही. मी गुपचूप त्याच्या टॅबलेटचे रेकॉर्ड उघडले, म्हटलं चोर सापडतेच. प्रत्येक घरचे प्रश्न कुठं विचारले, किती वेळ लागला, सगळं असते त्याच्यात. बरं, सगळं जिथल्या तिथं! पोट्टे खरंच घरी गेले होते, खरंच बसले होते. तेवढ्यात मले समजलं, नितेश माह्या रेकॉर्डिंगा ऐकून राहिला. हेडफोन लावून, तोंड वाकडं करून, मी लोकाइच्या तोंडात काही घालून राहिली का ते शोधत. त्यालेही काही भेटलं नाही.

मंग राहिल्या दोघी बाया. सरांचा संशय साधनाताईवर पक्का. ते म्हणाले, “लोकांना तिनं पढवलं असेल. मुलाखतवाली आली की माझं चांगलं सांगा.” अन् खरं सांगू का, मलेही वाटलं, असंन. मी पुन्हा वलगावकडे गेली तेव्हा ती दारातच उभी, पदर खोचून.

“काय शोधून राहिली पोरी?” म्हणे. “त्या दिवशी आलीस, आज पुन्हा. माह्या घरची बी झडती घे.”

“झडती नाही ताई, एकदोन प्रश्न राहिले होते.”

“ऑपरेशनच्या चिठ्ठ्या हायेत. दाखवू?”

मी म्हटलं, “नोको.” तर ती म्हणे, “काहून नोको? पाहून घे ना. तुमच्या त्या पोराले फोनवर सांगतलं तवा ‘अच्छा अच्छा’ असं बोलला, मले तवाच समजलं.”

चहा देला तिनं, पण एवढा कमी साखरेचा की तिचा राग त्याच्यातच समजला.

मंग मी सुभद्राबाईकडे गेली. सरळ विचारलं, “माय, पहिल्या वेळेस सर्वेवाले आले तेव्हा तुम्ही सांगतलं सगळं ठीक हाय. आता सांगतलं त्रास हाय. मंग साधनाताई आल्यावर त्रास वाढला का?”

बाई माह्याकडे अशी पाहाले लागली, जशी मी येडी-बयाड हाय. “वाढला? बापा! तवा कोन सांगन? अनोळखी पोट्टा दारात उभा राहून विचारते, जीव नकोसा वाटते का. हो म्हनलं असतं तर गावानं म्हनलं असतं, हिच्या डोकस्यात फरक पडला. मी सगळ्याले नाही नाही नाही म्हनलं अन् दार लावलं. मंग साधना दोन सालं येऊन राहिली. तिच्याजवळ सांगता सांगता समजलं की हे सांगाची गोष्ट असते. आता ते आले तं सांगतलं. जे हाय ते.”

“मंग आता पहिल्यापेक्षा कसं हाय?”

“पहिल्यापेक्षा? पहिले तं मी विहिरीकडं पाहून पानी शेंदत नव्हती. आता शेंदते.”

घ्या! मी गाडीवर येता येता एकटीच बडबडत होती. हिचे पहिलेचे मार्क कमी होते ते बरी होती म्हणून नव्हते, सांगत नव्हती म्हणून होते. आता मार्क जास्त, कारण आता सांगते. नितेशच्या आकड्यात ती बिघडली, अन् खरं म्हंजे सुधरली.

पण भातकुलीचं काय? नत्थुजी काहून उलटे? अन् सर मले एका बाईच्या बोलण्यावर थोडीच सोडणार होते! मी नितेशले म्हटलं, “तू चल माह्यासंग भातकुलीकडे. तेच नऊ प्रश्न त्याच लोकाईले पुन्हा विचार. माह्यासमोर. तपासणी म्हण, काही म्हण.”

तो म्हणे, “चालते. तुही खुजली एकदाची मिटन.”

गेलो. गावात शिरलो नाही तर अनसूयाताई समोर! चोपून नेसलेली साडी, हसरं तोंड, एकदम गोड बाई. “अरे पोरंहो, मले कळवाचं नाही का? चला, मी घरं दाखवते.” नितेशले ती लय आवडते, हे दिसतच होतं. ती पुढं, आमी मागं. नत्थुजीच्या ओट्यावर गेलो, तर तिनं सतरंजी अंथरली, स्वतः कोपऱ्यात बसली, अन् म्हणे, “नत्थुभाऊ, हे आपलेच लोकं हायेत. बिनधास्त सांगा.”

नितेशनं टॅबलेट काढला. “काका, मागच्या दोन आठवड्यात झोप कशी होती?”

नत्थुजीनं अनसूयाताईकडे पाहिलं. फक्त एक नजर. अन् म्हणाले, “बरं हाय.”

“मन उदास वाटलं?”

“नाही नाही. बरं हाय. अनसूयाबाई येते ना, लय बरं हाय.”

प्रत्येक प्रश्नाले बरं हाय! अन् अनसूयाताई कोपऱ्यात मान हालवून राहिली, जसं पोराचं पाठांतर ऐकून राहिली. याच माणसानं मले गोठ्यात डोयाले डोया लागत नाही म्हणून सांगतलं होतं.

तेवढ्यात ताई उठली, “चहा मांडते,” अन् घरात गेली, जसं तिचंच घर. ती आत गेली अन् नत्थुजी पुढं वाकले. हळूच म्हणाले, “बापू, आता खरं सांगू का बरं सांगू?”

नितेशनं टॅबलेट खाली ठेवला.

“दोन सालं बाई उन्हातान्हात येऊन राहिली,” नत्थुजी म्हणाले. “माह्यासंग दवाखान्याले दोनदा आली. तिच्यासमोर झोप नाही म्हनून सांगू? म्हंजे तिचे कष्ट मातीत गेले, असंच ना? असं तोंडावर कोनी बोलते का?”

मंग त्याईनं सगळं सांगतलं. बरं का, अगदी शून्य नाही अन् अगदी वाईटही नाही. मधातलं. पहिले दिवसभर पडून राहायचे, आता शेतात जातात. पण झोप नाही म्हंजे नाही.

चहा पिऊन निघालो. फाट्यावर आलो. मंग मीच विचारलं, “सर्वेच्या वेळेस ही अशीच बसत होती?”

“सगळ्या घरी,” तो म्हणे. “घरं कोण दाखवणार मंग? अनोळखी पोट्ट्याले कोणी ओट्यावर बसू देते का? अन् कोपऱ्यातल्या बाईले उठ म्हणाचं कसं? आपल्यात असं म्हणतात का कोणाले?”

“अन् वलगावकडे?”

“तिथं ती नव्हतीच ना. पंचायतीचा शिपाई घर दाखवायचा अन् निघून जायचा.” एवढं बोलला अन् गाडीच थांबवली त्यानं. माह्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.

समजलं का तुमाले? साधनाताई गावात नव्हती, म्हणूनच तिच्याकडचे लोकं खरं बोलले! अन् तेच तिच्याविरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा म्हणून सरांनी धरलं होतं!

ललित, टाळ्या वाजवू नको, गोष्ट संपली नाही.

आता सरांना पटवायचं. आमी दोघं कामाले भिडलो. पहिल्यांदा एका टेबलावर बसलो, नाहीतर तो तिकडं तोंड करून बसायचा अन् मी इकडं. एक मोठा तक्ता केला. डाव्या बाजूले माणसाचे आकडे, पहिलेचे अन् आताचे. नाव नाही, फक्त क्रमांक. त्याच्या शेजारी त्याच माणसानं मुलाखतीत जे सांगतलं ते, त्याच्याच शब्दात. अन् तिसरा रकाना, दोन्ही मिळून काय सांगतात. जुळते, नाही जुळत, नाही जुळत तर काहून. नितेश मले सारखा अडवत होता. “हे तुले पाहिजे म्हणून लिहून राहिलीस. दाखव, कुठल्या वाक्यावरून?” अन् मी त्याले, “हा आकडा घेताना ओट्यावर कोण कोण होतं ते सांग.” भांडण नाही, पण संशय पुरेपूर.

अन् त्या तक्त्यात वलगावकडचा एक माणूस असा निघाला, त्याचं काही केल्या जमेना. मार्क वर गेलेले, अन् मुलाखतीतही तो म्हणे, “माह्याकडं कोनी आलंच नाही.” म्हंजे खरंच बिघडला. नितेश म्हणे, “याले काय करू?” मी म्हटलं, “तसाच ठेव.” तो म्हणे, “तुह्या ताईचं नुकसान होईन.” मी म्हटलं, “होऊ दे. काढला तर मंग आपल्यात अन् ओट्यावरच्या बरं हायमधी फरक काय?”

सरांनी तक्ता पाहिला. लय वेळ पाहिला. मंग विचारलं, “म्हणजे भातकुलीचे आकडे खोटे?”

“खोटे नाही सर,” नितेश म्हणाला. मले तर विश्वासच बसेना, नितेश माह्या बाजूनं! “थोडे फुगले हायेत. बाई समोर होती. ती नसताना पुन्हा काही घरं विचारले पाहिजेत, नव्या पोट्ट्याईनं. अन् वलगावकडे पहिलेचाच आकडा कच्चा हाय. तिथं आता लोकाईले विचाराचं, की मागं वळून पाहता तेव्हा कसं होतं. तेही पक्कं नाही, आठवण धोका देते, पण तसं लिहून ठेवू.”

“अन् प्रकरण चार अन् पाच?” मी विचारलं.

सरांनी चष्मा काढला. “एकच करा,” म्हणाले. “पण मला एकही वाक्य असं नको, की ज्याच्याबद्दल संस्थेनं विचारलं तर आपण इकडे तिकडे पाहू.”

पुन्हा घरं विचारले. भातकुलीकडे सुधारणा निघाली, पण जलेबीएवढी नाही, थोडी. वलगावकडे लोकाईनं सांगतलं, पहिले आतापेक्षा लय वाईट होतं. रिपोर्टमधी सगळं लिहिलं, खोटं नाही, फुगवून नाही. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं घेतलीच नव्हती, म्हणून हा फरक कार्यक्रमामुळंच पडला असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, तेही लिहिलं. फक्त आकड्यावरून कुठलाही भाग बंद करू नका, हे पहिल्या पानावर.

संस्थेसमोर रिपोर्ट वाचला त्या बैठकीत अनसूयाताई उभी राहिली. डोळे भरलेले. “म्हंजे मी लोकाईले खोटं बोलाले लावलं?” सर म्हणाले, “नाही ताई, तुमच्यावर जीव आहे म्हणून ते तसं बोलले.” पण तेव्हापासून गावात कोणी बरं हाय म्हटलं की ती विचारते म्हणे, “खरं का?” आता तिलेच कोणाचं बरं हाय पटत नाही.

संस्थेनं दोन्ही भाग ठेवले. साधनाताईचं पद राहिलं. मी सांगाले गेली, म्हटलं ताई खूश होईन, साखर घालून चहा देईन. तिनं मले ओट्यावर बसवलं अन् म्हणे, “वाच. माह्याबद्दल काय लिहिलं ते पूर्ण वाच.”

मी वाचलं. सुभद्राबाईचं वाक्य आलं, नाव न घेता, तर ती खाली पाहाले लागली. तिनं ओळखलं. मंग तो एक माणूस आला. माह्याकडं कोनी आलंच नाही.

ताईनं मान वर केली. “हा कोन?”

“नाव सांगता येत नाही ताई. त्याले तसा शब्द देला हाय.”

“अवं, मी त्याच्याकडं गेली नाही म्हनते तो. मले नाव नाही सांगशील तं मी जाऊ कशी?”

“त्याची दवाखान्याची सोय केली हाय आमी, त्याले विचारून. पण त्यानं सांगतलं, गावातल्या कोणाले कळू देऊ नका.”

“कोन्या गल्लीतला, एवढं तरी सांग.”

मी रिपोर्ट मिटला.

ती माह्याकडे पाहत राहिली. मंग समोरच्या गल्लीकडे पाहाले लागली, एकेक दार, जसं पहिल्यांदाच पाहून राहिली. ओट्यासमोरून एक म्हातारबा जाऊन राहिले होते, त्याईनं हाक मारली, “काय साधना, बरं हाय ना?” तिनं हो म्हटलं, पण नजर त्याईच्यावरच, ते कोपऱ्यावर वळेपर्यंत.

“हा तं नसंन,” स्वतःशीच म्हणाली. “का असंन?”

मंग पदर खोचला, चपला घातल्या अन् चहाचं विसरून गल्लीच्या शेवटच्या घराकडं निघाली. म्हणे, “तू बस. शेवटून सुरू करते. तिकडं माहं जानं कमीच झालं.”